'पोतेच्या पोते भिजले': एका वाक्याचं प्रकरण

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी होते, पोती भरून ओसरीत किंवा खळ्यावर रचलेली असतात आणि रात्री अवकाळी पाऊस येतो. वऱ्हाडात हे नवीन नाही. सकाळी नुकसानीचा अर्ज लिहायला घरातला शिकलेला पुतण्या बसतो आणि काका सांगतात.

"लिही बाबू, सोयाबीनचे पोतेच्या पोते भिजले."

"काकाजी, अर्जात असं नाही लिहित. 'सोयाबीनचे पोते भिजले' असं लिहितो."

पुतण्याने एकच शब्द गाळला, पण अर्थ दोनदा घसरला. काकांच्या बोलीत 'पोते' हे अनेकवचन आहे. विदर्भात 'दोन पोते', 'चार पोते' असं सर्रास म्हणतात. प्रमाण लेखनात मात्र 'पोते' म्हणजे 'पोतं', एकवचन, आणि 'भिजले' म्हणजे 'भिजलं'. विदर्भाबाहेरचा माणूस हा अर्ज वाचेल तर त्याला एकच पोतं भिजल्याचं दिसेल. दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. 'पोतेच्या पोते' मधून काका जे सांगत होते, की थोडंथोडकं नाही, अख्खी पोती एकामागून एक गेली, ते कागदावर आलंच नाही.

या एका वाक्यावर वाक्यरचनेच्या दोन विचारसरणी समोरासमोर उभ्या करता येतात. एक म्हणते, भाषा म्हणजे शब्दकोश आणि नियम. शब्द पाठ असतात, वाक्य नियमांनी बनतं, आणि वाक्याचा अर्थ शब्दांच्या अर्थांतून नियमाप्रमाणे जुळून येतो. दुसरी, म्हणजे कन्स्ट्रक्शन ग्रामर किंवा रचना-व्याकरण, म्हणते की बोलणाऱ्याच्या डोक्यात शब्दांइतकेच साचेही साठवलेले असतात. काही साचे पूर्ण भरलेले, काही अर्धे भरलेले, काही पूर्ण रिकामे. आणि प्रत्येक साच्याला स्वतःचा अर्थ असतो. 'पोतेच्या पोते' हा अर्धा भरलेला साचा आहे. 'च्या' पक्का बसलेला आहे, आजूबाजूच्या दोन जागा रिकाम्या आहेत, आणि दोन्ही जागी एकच नाम यावं लागतं.

नियमाने गेलं तर काय होतं

नियमाच्या बाजूने सुरुवात करू, आणि ती बाजू तिच्या पूर्ण ताकदीने मांडू. मराठीत षष्ठीचे तीन साधे नियम आहेत. चा-ची-चे लागण्याआधी नामाचं सामान्यरूप होतं: पोतं, पोत्याचं, पोत्यांचं. प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो: पोत्याचा दोरा, पोत्याची शिवण, पोत्याचं तोंड. आणि अर्थ मालकीचा, संबंधाचा किंवा घटकाचा असतो.

आता प्रमाण मराठीतलं रूप घेऊ: 'पोतीच्या पोती भिजली'. नियमाने पहिल्या शब्दाचं सामान्यरूप 'पोत्यां-' व्हायला हवं होतं, इथे थेट अनेकवचन 'पोती' तसंच उभं आहे. पुढचं नाम नपुंसकलिंगी अनेकवचनी आहे, म्हणजे प्रत्यय 'ची' हवा होता, इथे 'च्या' आहे. नियमबद्ध रूप 'पोत्यांची पोती' झालं असतं. पुल्लिंगी नाम घेतलं तरी तेच: ज्वारीवर 'थवेच्या थवे' उतरतात, नियमाने 'थव्यांचे थवे' हवे होते. एकाच ठिकाणी दोन नियम मोडले, आणि तरी मराठी माणसाला त्यात काहीही खटकत नाही.

मग नियमाने चालणारं विश्लेषण अशा वाक्याचं काय करतं? शब्दांचे सुटे अर्थ लावून वाक्य जुळवणारी एखादी यंत्रणा असेल तर ती 'पोतीच्या' या रूपाचं मूळ शोधू लागते. सामान्यरूप 'पोती' असणारं एक नाम मराठीत खरोखर आहे: 'पोत', गळ्यात घालायची मण्यांची. तिचं अनेकवचनही 'पोती'च, आणि ती स्त्रीलिंगी असल्यामुळे 'च्या' बरोबर जुळतो. म्हणजे 'पोतीच्या पोती' हे रूप नियमाला पूर्ण पटतं, फक्त अर्थ 'पोतीच्या माळा' असा काहीतरी लागतो. ही चूक ओळखण्याची खूण क्रियापदात आहे. माळा असत्या तर 'भिजल्या' म्हटलं असतं. 'भिजली' हे नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. चुकीचं मूळ धरलेलं विश्लेषण क्रियापदापाशी येऊन अडतं, आणि मागे वळलं तर बरोबरचं मूळ त्याला नियमात बसवता येत नाही. दोन्हीकडून वाट बंद.

स्त्रीलिंगी नामं घेतली की मात्र चित्र बदलतं. 'झुंडीच्या झुंडी', 'गाड्याच्या गाड्या', 'रांगाच्या रांगा' यांत 'च्या' नियमानेच येतो, कारण स्त्रीलिंगी अनेकवचनाला 'च्या'च लागतो. राहतो तो फक्त सामान्यरूपावरचा अनुस्वार, आणि बोलताना तो ऐकूही येत नाही. म्हणून या साच्याची तपासणी करताना स्त्रीलिंगी उदाहरणं घेऊन बसणं ही पहिली मोठी चूक ठरते. त्यांच्यावरून काहीच सिद्ध होत नाही, दोन्ही पक्ष खूश राहतात. निवाडा करणारी नामं ती, ज्यांचं थेट अनेकवचन आणि सामान्यरूप उघड वेगळं आहे: पोतं, थवा, पान, गाव. 'पानंच्या पानं भरली', 'गावंच्या गावं ओस पडली'.

'गावचा' सारखं आहे का हे?

नियमाच्या बाजूने इथे एक चांगला आक्षेप येतो आणि तो झटकून टाकता येत नाही. मराठीत काही नामांना सामान्यरूपाशिवायही 'चा' लागतो: गावचा पाटील, घरचं जेवण, तोंडचा घास. त्याच धर्तीवर 'घरच्या घरी', 'जागच्या जागी', 'वेळच्या वेळी' आहेत. या सगळ्यांत 'च्या' नियमाने आला आहे, कारण पुढचं नाम सप्तमीत आहे, थेट रूपात नाही. तर मग 'पोतीच्या पोती' हेही त्याच स्थलवाचक 'चा'चं पुढचं रूप का मानू नये?

कारण तो 'चा' एकवचनी मूळ नामाला लागतो. 'गावचा' होतं, 'गावंचा' होत नाही; 'घरचं' होतं, 'घरंचं' होत नाही. आपल्या साच्यात मात्र 'च्या'च्या मागे सरळ अनेकवचनाचा प्रत्यय दिसतो: गावं-च्या, थवे-च्या, पोती-च्या. असं मराठीत दुसरीकडे होत नाही. शिवाय 'घरच्या घरी' चा अर्थ 'बाहेर न जाता, तिथेच' असा आहे, आणि 'घरंच्या घरं' चा अर्थ प्रमाणाचा आहे. दोघांत नातं जरूर आहे. रचना-व्याकरणात अशा नात्याला जागा आहे: साच्यांचं एक कुटुंब असतं, त्यातले सदस्य काही गुण वाटून घेतात, काही आपापले ठेवतात. एकातून दुसरा नियमाने काढायची गरज पडत नाही.

मला स्वतःला इथे स्त्रीलिंगी नामांचा दुवा महत्त्वाचा वाटतो. 'झुंडीच्या झुंडी' हे नियमातही बसतं आणि साच्यातही. ऐकणाऱ्याने त्यातून नियम उचलला नाही, साचा उचलला, आणि तो 'थवे'ला, 'पोती'ला तसाच लावला, असं मानलं तर 'च्या' तिथे कसा पोचला ते समजतं. हा इतिहासाचा दावा नाही. साचा आज कसा टिकून आहे त्याचं हे स्पष्टीकरण आहे.

साच्याची नोंद कशी दिसते

रचना-व्याकरणात एखादा साचा मान्य करायचा म्हणजे 'हा वाक्प्रचार आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही. त्याची नोंद नेमकी लिहावी लागते, आणि तीच खरी परीक्षा असते. या साच्याची नोंद साधारण अशी होईल.

रूप: नाम थेट रूपात, त्याला चिकटलेला न बदलणारा 'च्या', मग तेच नाम त्याच रूपात. बाहेरून बघितलं तर हा अख्खा गट एकाच नामासारखा वागतो, आणि त्याचं लिंगवचन त्या नामाचंच असतं. थवेच्या थवे उतरले, गाड्याच्या गाड्या आल्या, पोतीच्या पोती भिजली.

अर्थ: ते नाम इथे एक एकक म्हणून मोजलं जातं. एकक पूर्ण घेतलेलं आहे, त्यातला भाग नव्हे, आणि एकूण प्रमाण अपेक्षेपेक्षा फार जास्त आहे. अनेकवचनात वापरलं तर 'अशी कितीतरी पूर्ण एककं' असा अर्थ होतो. एकवचनात वापरलं तर 'अख्खंच एकक': 'पोतंच्या पोतं उंदरांनी खाल्लं', 'शेतच्या शेत वाहून गेलं'. दोन्हींत समान ते 'काही शिल्लक न ठेवता, एककाच्या एककाने'.

अट: नाम मोजता येणाऱ्या एककाचं हवं. 'कापूसच्या कापूस भिजला' कोणी म्हणत नाही, 'कापसाच्या गाड्याच्या गाड्या भिजल्या' म्हणतात. 'पाणीच्या पाणी' नाही, 'टँकरच्या टँकर' आहे.

ही अट खरी आहे की नाही हे शेजारच्याच एका साच्याकडे बघितलं की पटतं. मराठीत 'नाम-च नाम' असा आणखी एक साचा आहे: 'पाणीच पाणी', 'चिखलच चिखल'. तो एककाची अट घालत नाही. न मोजता येणारी नामं त्यात आरामात बसतात, कारण त्याचा अर्थ 'जिकडे बघावं तिकडे हेच' असा आहे. 'खळ्यावर पोतीच पोती' म्हणजे नजर जाईल तिथे पोती. 'पोतीच्या पोती' म्हणजे पोत्यामागून पोती गेली. उच्चारात जेमतेम 'या'चा फरक, आणि आतली अट मात्र एकदम वेगळी. षष्ठीचा सर्वसाधारण नियम आणि जोर देणारा 'च' एवढंच हाती असेल तर 'पाणीच पाणी' चालतं आणि 'पाणीच्या पाणी' का चालत नाही याला उत्तर मिळत नाही. दोन साचे, दोन अर्थ, दोन अटी मानल्या की उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

टंकलेखनात या दोघांची अदलाबदल सारखी होते. 'पोतीच्या पोती' टाइप करताना 'च्या'चा 'च' होऊन बसतो आणि वाक्य बरोबरच दिसतं, फक्त सांगणं बदलतं. म्हणून जमवलेल्या वाक्यांत ही दोन रूपं मोजायची असतील तर आवाजाची ध्वनिफीत हाताशी ठेवूनच मोजावीत.

आत काय घालता येतं

साच्याची घट्ट वीण कुठे आहे ते त्यात शब्द घुसवून बघितलं की कळतं. विशेषण किंवा षष्ठी सगळ्या गटाच्या आधी येते: 'सोयाबीनची पोतीच्या पोती', 'भरलेली पोतीच्या पोती'. इथे 'सोयाबीनची' मधला 'ची' गटाच्या लिंगवचनाशी बरोबर जुळतो, म्हणजे गटाच्या बाहेर व्याकरणाचा साधा नियम नेहमीसारखा चालतो. गटाच्या आत मात्र काहीच शिरत नाही. 'पोतीच्या सोयाबीनची पोती' नाही, 'पोतीच्या भरलेली पोती' नाही. साधी षष्ठी असती तर आत विशेषण शिरायला हरकत नव्हती: 'पोत्याची फाटकी शिवण' आपण सहज म्हणतो.

संख्या तर अजिबात सोसत नाही. 'अठरा पोतीच्या पोती भिजली' हे कोणालाच चालत नाही. आणि हे फक्त रूपाचं बंधन नाही, अर्थातून येतं: साच्याचं कामच 'मोजण्यापलीकडे' असं सांगणं आहे, नेमका आकडा त्याच्या मुळावरच येतो. नकारातही तो अवघडतो. 'पोतीच्या पोती भिजली नाहीत' हे कोणी आधी तसा दावा केला असेल तर तो खोडायलाच म्हणावं लागतं.

अर्जाच्या दृष्टीने यातून एक सरळ गोष्ट निघते. पंचनाम्याला आकडा लागतो. जिथे आकडा लिहायचा तिथे साचा बसणार नाही, म्हणून तिथे पुतण्याने साचा गाळला हे भाषेच्या दृष्टीनेही बरोबरच होतं. चूक त्याची एवढीच, की आकडा न घालताच त्याने साचा काढला आणि अनेकवचनही बोलीतलंच ठेवलं.

नियमाच्या बाजूची दुरुस्ती

नियमवाले इथे दोन वाटांनी दुरुस्ती करतात. पहिली वाट म्हणजे यादी: 'पोतीच्या पोती', 'थवेच्या थवे', 'गावेच्या गावे' हे वाक्प्रचार म्हणून शब्दकोशात घाला. नोम चोम्स्कींच्या परंपरेत वाक्प्रचारांची सोय पूर्वीपासून शब्दकोशाकडेच लावली आहे. 1981 मधल्या मांडणीत तर गाभ्याचं व्याकरण आणि परिघावरचं व्याकरण अशी वाटणीच झाली, आणि पुढे वेगवेगळ्या रचना या स्वतंत्र वस्तू नसून सर्वसाधारण तत्त्वांतून आपोआप उमटणारे परिणाम आहेत असं धरलं गेलं.

जो वाक्प्रचार खरोखर पूर्ण गोठलेला आहे त्याच्यापुरती यादी चालते. 'नाकी नऊ येणे' घ्या. 'नाकी दहा' होत नाही, 'नाकाला नऊ' होत नाही. फक्त कोणाच्या नाकी ते बदलतं. पण 'तोंडचा घास हिरावणे' तितका गोठलेला नाही. 'पावसाने तोंडचा घास हिरावला', 'हातातोंडाशी आलेला घास गेला', 'व्यापाऱ्याने तोंडचा घास काढून घेतला': इथे 'घास' म्हणजे पीक, 'हिरावणे' म्हणजे नुकसान, असे अर्थाचे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात आणि म्हणूनच ते हलवता येतात. जेफ्री नुनबर्ग, इव्हान सॅग आणि थॉमस वासो यांनी 1994 मध्ये हाच फरक मांडला: काही वाक्प्रचारांचा अर्थ त्यांच्या भागांत वाटलेला असतो, काहींचा सगळ्यांना मिळून एकत्र असतो. यादीत हे दोन्ही प्रकार सारख्याच ओळी होऊन बसतात.

'पोतीच्या पोती' तर यादीत मावतच नाही, कारण तो नवीन शब्द घेत राहतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यात 'कॅरेटच्या कॅरेट सडले' ऐकू येतं, आणि 'कॅरेट' हा शब्द आला तेव्हा त्याच्यासाठी कोणी नवीन नोंद केली नव्हती. याहून बोलका पुरावा काकांच्या वाक्यातच आहे. प्रमाण बोलणारा 'पोती' अनेकवचन करतो, म्हणून तो 'पोतीच्या पोती' म्हणतो. काका 'पोते' करतात, म्हणून ते 'पोतेच्या पोते' म्हणतात. साच्याला विशिष्ट शब्द ठाऊक नाही, 'बोलणाऱ्याचं स्वतःचं थेट अनेकवचन' एवढंच ठाऊक आहे. पाठ केलेली ओळ बोलीप्रमाणे अशी बदलली नसती.

दुसरी दुरुस्ती जास्त भक्कम आहे. ती म्हणते, हे वाक्यरचनेत धरूच नका, शब्दनिर्मितीत धरा: द्विरुक्तीचा एक नियम आहे, तो नामातून 'नाम-च्या-नाम' असं जोडनाम करतो, मधला 'च्या' षष्ठीचा नसून नुसता सांधा आहे. मग सामान्यरूप नसणं, 'च्या' न बदलणं, आत विशेषण न शिरणं ही तिन्ही लक्षणं एका फटक्यात समजतात, कारण शब्दाच्या पोटात वाक्याचे नियम चालत नाहीत. रूपापुरती ही दुरुस्ती मला पटते. पण त्या नियमाला मग अर्थ जोडावा लागतो, 'एककाची नामंच घे' अशी अट जोडावी लागते, 'संख्या नको' असं जोडावं लागतं, आणि 'च्या' हा नेमका ध्वनी नियमातच लिहावा लागतो. ज्या नियमात ठरलेला ध्वनी, ठरलेला अर्थ आणि वापराची अट तिन्ही आली, त्याला नियम म्हणा की साचा, वस्तू तीच आहे. रे जॅकेन्डॉफ यांनी 2008 मध्ये इंग्रजीतल्या 'डे आफ्टर डे' सारख्या नाम-अव्यय-नाम साच्यावर काम केलं तेव्हा ते याच जागी येऊन थांबले होते: साधारण नियम पुरे पडत नाहीत, आणि निव्वळ यादीही पुरी पडत नाही. त्याआधी 1988 मध्ये चार्ल्स फिलमोर, पॉल के आणि मेरी कॅथरिन ओकॉनर यांनी 'लेट अलोन' या इंग्रजी साच्याच्या अभ्यासातून शब्दांनी भरलेले वाक्प्रचार आणि फक्त आकाराचे वाक्प्रचार असा भेद केला, तोच आपल्याला इथे उपयोगी पडतो.

'पोत्यांची पोती', 'थव्यांचे थवे' ही शुद्ध केलेली रूपंही लेखनात दिसतात. त्यांवरून नियम जिंकला असं समजू नये. 'कोणाची पोती?' या प्रश्नाला 'काकांची' असं उत्तर येतं, 'कशाची पोती?' ला 'सोयाबीनची'. 'पोत्यांची' हे दोन्हींपैकी कशाचंच उत्तर होत नाही. रूप नियमात बसवलं, पण अर्थ अजून साच्याचाच आहे.

उदाहरणं जमवताना

गावात विचारणी करायची तर 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारू नये. शाळेत शिकलेला माणूस त्यावर शाळेचं व्याकरण सांगतो आणि 'पोत्यांची' असं सुधारून देतो. त्याऐवजी प्रसंग द्यावा: 'रात्री पाऊस आला, सगळी पोती गेली, हे तुम्ही शेजाऱ्याला कसं सांगाल?' निवाडा करणारी नामं आणि नवीन आलेले शब्द मिसळून द्यावेत. एककं नसलेली नामंही मुद्दाम मधूनमधून टाकावीत, म्हणजे 'कापूसच्या कापूस' ला माणूस अडतो का ते दिसतं. तो अडला आणि लगेच 'गाड्याच्या गाड्या' म्हणाला, तर अट त्याच्या डोक्यात आहे.

लिखित मजकुरात शोधायला एक छोटा शोध-नमुना पुरतो:

```python
import re
p = re.compile(r'(?<!\S)(\S+)च्या[\s-]+\1(?![\u0900-\u097F])')
```

हा आधी कुठलाही शब्द पकडतो, मग 'च्या', मग नेमका तोच शब्द, आणि त्यानंतर दुसरं देवनागरी अक्षर नको. त्यामुळे 'पोतीच्या पोती' सापडतं आणि 'घरच्या घरी' वगळलं जातं. पण 'त्याच्या त्या बोलण्याने' हेही सापडतं, कारण 'त्या' दोनदा आला; सर्वनामं हाताने काढावी लागतात. 'पोत्यांची पोती' हे रूप यात येत नाही, त्यासाठी वेगळा शोध लागतो.

सगळ्यात फसवं उदाहरण 'रात्रीच्या रात्री' आहे. 'रात्रीच्या रात्री जागून काढल्या' यात आपला साचा आहे, अनेक रात्री. 'रात्रीच्या रात्री निघून गेला' यात 'त्याच रात्री' असा अर्थ आहे, आणि तो 'घरच्या घरी'च्या कुटुंबातला आहे. अक्षरं तीच, रूप तेच. फरक क्रियापदाने पडतो: पहिल्यात 'रात्री' हे कर्म आहे आणि 'काढल्या' त्याच्याशी जुळतं, दुसऱ्यात ते क्रियाविशेषण आहे आणि 'गेला' त्याला विचारत नाही. हे संगणकाला एका ओळीत सांगता येत नाही. वाक्य वाचूनच ठरवावं लागतं.

जिथे साचाही अडखळतो

रचना-व्याकरणाच्या नोंदीला एक दुखरी जागा आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अख्ख्या गटाला विभक्ती लावायची वेळ आली की काय होतं? 'गावंच्या गावांना फटका बसला' म्हणावं की 'गावांच्या गावांना'? नोंद म्हणते, दोन्ही जागी तेच रूप हवं. शेवटी 'ना' लावला की दुसऱ्या जागी सामान्यरूप येतं आणि दोन रूपं जुळत नाहीत. पहिलं रूप थेट ठेवलं तर 'तेच रूप' ही अट मोडते, बदललं तर 'थेट रूप' ही अट मोडते. बोलणारे इथे खरोखर थबकतात आणि बहुतेक वेळा वाक्यच फिरवतात: 'गावंच्या गावं सापडली पुरात'. जोडनाम मानणाऱ्या पक्षाला हा प्रश्न सोपा जायला हवा होता. शब्द एकच असेल तर विभक्ती शेवटाला लागावी आणि पोटातलं रूप तसंच राहावं, म्हणजे 'गावंच्या गावांना' सगळ्यांना बिनधास्त चालायला हवं. तसंही होत नाही. माझा कल असा, की नोंदीत 'कर्ता किंवा कर्म म्हणून थेट रूपात' ही आणखी एक अट लिहावी. ती कुठल्याही मोठ्या तत्त्वातून निघत नाही, वापरातून निघते. रचना-व्याकरणाला अशी अट लिहायची मुभा आहे. पण तेवढ्याचमुळे काहीही नोंदवता येतं आणि मग कशालाच 'होणार नाही' म्हणता येत नाही, हा त्याच्यावरचा आक्षेप इथे लागू होतो. तो टाळायचा तर प्रत्येक अट वेगळ्या नामांवर, वेगळ्या बोलणाऱ्यांकडून, आधी भाकीत करून तपासायला हवी: 'टँकरच्या टँकर' चालेल, 'डिझेलच्या डिझेल' चालणार नाही, असं आधी लिहून ठेवायचं आणि मगच विचारायला जायचं.

राहिला अर्ज. मागणीच्या ओळीत 'सोयाबीनची 18 पोती भिजली' असं आकड्याने आणि प्रमाण अनेकवचनाने लिहावं, म्हणजे कोणी एकवचन वाचणार नाही. घटनेच्या वर्णनात, जिथे रात्री काय झालं ते सांगायचं आहे, तिथे काकांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात ठेवावं: 'सोयाबीनचे पोतेच्या पोते भिजले.' वरच्या ओळीत 18 आहेच, त्यामुळे इथे 'पोते' चं अनेकवचन आपोआप कळतं.